प्लगचा रंग आणि अवेळी पेटलेली गाडी

नमस्कार श्रोतेहो. आज येताना मी खिशात दोन जुने स्पार्क प्लग घेऊन आलोय. एक काळा आहे, बोट लावलं की काजळी बोटाला येते. दुसरा पांढरा आहे, फोडलेल्या खडूसारखा. दोन्ही एकाच गाडीतले, एकाच इंजिनातले, दोघांमध्ये फार तर महिन्याचं अंतर. ते काय सांगतात, तेवढंच आज सांगणार आहे.

कळव्याला आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. वडिलांची जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक त्याने मोठ्या हौसेने चालू करून घेतली. रोजची फेरी कळवा ते माजिवडा, म्हणजे रांगत जायचं, थांबायचं, पुन्हा रांगायचं. गाडी सकाळी किकला दाद देईना. प्लग काढला की काळा. पुसला की दोन दिवस चालायची, पुन्हा काळा. शेवटी तो एका स्पेअरच्या दुकानात गेला. तिथे त्याला सांगितलं, "नंबर जुळतोय, हा घे, हा काळा पडणार नाही." आणि खरंच, गाडी पहिल्या किकला सुरू व्हायला लागली. पोरगा खूश.

पुढे एका रविवारी मागे मित्राला बसवून तो नाशिकला निघाला. कसारा घाट चढताना अर्ध्यावर गाडीतला दम गेला. थ्रॉटल पूर्ण पिळलेला, तरी वेग घसरतोय. कुठे टणटण नाही, खडखड नाही. बाजूला घेऊन त्याने चावी बंद केली, तर इंजिन चालूच! शेवटी ब्रेक दाबून, गाडी गिअरमध्येच ठेवून, क्लच सोडून त्याने ते गप्प केलं. थंड झाल्यावर परत फिरला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला.

चावी बंद म्हणजे ठिणगी बंद. मग मिश्रण पेटवत कोण होतं?

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो आणि वरच्या टोकाला पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडते. ठिणगीची वेळ ठरलेली असते. आग पसरायला वेळ लागतो, म्हणून ती थोडी आधी पडावी लागते, पण फार आधी नाही. आता समजा आत कुठे तरी काहीतरी लाल तापलंय, प्लगचं टोक किंवा कार्बनचा एखादा खडा. ते ठिणगीची वाट बघत नाही. पिस्टन अजून वर चढतोय, तेवढ्यात मिश्रण पेटतं. मग पिस्टन आगीला दाबत वर ढकलला जातो. ताकद मिळायची सोडून गाडी स्वतःशीच भांडते. यालाच प्री-इग्निशन म्हणतात.

नॉकिंग वेगळं. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवर पडते, पण उरलेलं मिश्रण शेवटी दाबाने आपोआप भडकतं आणि कानाला टणटण ऐकू येतं. प्री-इग्निशन बऱ्याचदा मुकं असतं. आवाज नाही म्हणून माणूस थ्रॉटल पिळतच राहतो. शिवाय त्याचं चक्र वाईट: लवकर पेटलं की आतली उष्णता वाढते, उष्णता वाढली की तापलेला ठिपका आणखी तापतो, तो आणखी तापला की मिश्रण आणखी लवकर पेटतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पिस्टनचं मिश्रधातू त्याहून थोडं आधीच मऊ पडतं. भर लोडमध्ये हे चक्र फिरायला लागलं, तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

आता प्लगकडे येतो. प्लगच्या टोकाला जी पांढरी चिनी मातीची नळी दिसते, तिच्यातली उष्णता बाहेर जायचा रस्ता म्हणजे नळीतून मागे, लोखंडी खोबणीत, तिथून वॉशरमधून हेडमध्ये आणि हेडच्या पंख्यांतून हवेत. चाळीतली शेवटची खोली आठवा. जिना लांब असला की त्या खोलीतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ लागतो. ज्या प्लगची नळी लांब, त्याची उष्णता सावकाश निघते, टोक गरम राहतं. तो गरम प्लग. ज्याची नळी आखूड, तो थंड प्लग. ठिणगीची ताकद याने बदलत नाही, बदलतं ते फक्त टोकाचं तापमान.

आणि ते एका पट्ट्यातच राहायला हवं. साधारण ४५० अंशांच्या खाली टोकावरची काजळी जळत नाही, साचते. काजळीतून वीज वाहून जाते, ठिणगी पडतच नाही. साधारण ८५० अंशांच्या वर टोक स्वतःच पेटवायला लागतं. या दोघांच्या मध्ये प्लग स्वतःला स्वच्छ ठेवतो. एका नंबराचा फरक म्हणजे टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंश.

इथेच खरी गोची आहे. नंबर कोणत्या दिशेला वाढतो, हे कंपन्यांनी एकमेकांना विचारून ठरवलेलं नाही. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा असेल तर प्लग थंड. डेन्सोचंही तसंच. बॉशच्या प्लगवर आकडा मोठा असेल तर प्लग गरम, चॅम्पियनचंही तसंच. म्हणजे एनजीकेचा आठ नंबर हा थंड, आणि बॉशचा आठ नंबर हा साधारण एनजीकेच्या पाचाला जुळतो. आकडा तोच, पण प्लग तीन पायऱ्या गरम.

आमच्या पोराच्या गाडीला पहिल्या पद्धतीचा आठ नंबर हवा होता. दुकानात "आठला आठ" जुळवून दुसऱ्या पद्धतीचा दिला. आटे तेच, लांबी तीच, बसला अगदी छान. तीन पायऱ्या, म्हणजे दोनशे अंशांहून जास्त. कळवा-माजिवड्याच्या रांगेत त्याने फायदाच झाला, कारण तिथे इंजिन कधी तापतच नव्हतं. घाटात मात्र भर थ्रॉटल, दोन माणसं, चढ, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला स्फोट, विश्रांती नाही.

मी तो पांढरा प्लग काढला आणि खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. हे भिंग मी तीस रुपयांत स्टेशनबाहेरून घेतलंय, आणि खरं सांगतो, गॅरेजमधल्या सगळ्या हत्यारांत मला ते सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय. चिनी मातीवर बारीक बारीक करडे चमकदार दाणे होते, मीठ शिंपडल्यासारखे. ते प्लगचे नव्हते. तो पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम होता, वितळून उडालेला. दाणे दिसले की कुणाचीही वाट बघू नका, हेड उघडा. उघडलं तर पिस्टनच्या डोक्यावर सायलेन्सरच्या बाजूची कड वाळूने घासल्यासारखी खरखरीत झालेली. भोक पडायचं राहिलं होतं, एवढंच. पोराने घाटात वेळेवर गाडी थांबवली, म्हणून. बोअरवर ओरखडा नव्हता, तेव्हा फक्त पिस्टन आणि रिंगा बदलल्या.

पण मग मूळ काळा प्लग का? तो तर बरोबर नंबरचा होता. त्याच्या कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू कुणीतरी पार आत पिळून ठेवला होता, म्हणजे सिग्नलला गाडी बंद पडू नये म्हणून आयडलला जास्त पेट्रोल. हा स्क्रू फक्त थ्रॉटल कमी असतानाच काम करतो. घाटात भर थ्रॉटलला मिश्रण मेन जेटवरून येतं, तिथे त्याचा संबंध नाही. काळेपणा होता आयडलच्या जास्त पेट्रोलमुळे, आणि उपाय केला उष्णतेचा. ताप आहे म्हणून घोंगडं पांघरण्यासारखं. काळी काजळी दिसली की आधी चोक नीट बंद होतोय का, एअर फिल्टर बंद पडलाय का आणि एअर स्क्रू कुठे आहे, हे बघा. प्लग गरम करण्यापर्यंत गोष्ट सहसा जातच नाही.

स्क्रू बाहेर काढून नेमका बसवला, आठ नंबरचा नवा प्लग लावला, आणि मग रंग तपासायला गाडी बेलापूरच्या पारसिक हिलवर नेली. चढावर लोडमध्ये थोडा वेळ चालवायची, मग थ्रॉटल सोडायच्या आतच चावी बंद, क्लच दाबायचा, बाजूला थांबून प्लग काढायचा. मागचा आरसा बघून, रस्ता मोकळा असेल तेव्हाच. घरापर्यंत सावकाश चालवत आणलात तर प्लगवर आयडलचा रंग चढतो आणि चढावरची गोष्ट पुसली जाते. लोक रात्रभर उभी राहिलेली गाडी आणून विचारतात, "काका, बघा ना काळा झालाय." त्यातून मला काही कळत नाही.

रंग कसा हवा? ग्लुकोज बिस्किटाचा, जरा करडा. आमच्या काळात शिसं घातलेलं पेट्रोल होतं, त्याने छान तपकिरी रंग यायचा. भारतात फेब्रुवारी २००० पासून ते बंद झालं. आताच्या पेट्रोलने प्लग फिकाच राहतो, त्यात वीस टक्के इथेनॉल आलं की इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळे जुना कार्ब्युरेटर आणखी थोडा पातळ मिश्रणावर चालतो. म्हणून नुसता फिकटपणा बघून घाबरू नका. पांढरा रंग सुका, मऊसर, एकसारखा असेल तर ठीक. काचेसारखी चकाकी, फोड, किंवा ते करडे दाणे दिसले तर मात्र गडबड आहे. ओला, चिकट काळा प्लग म्हणजे तेल, तो वेगळा आजार.

आणखी एक. योग्य नंबरचा प्लगही सैल बसवला की गरम प्लग होतो, कारण उष्णतेचा रस्ता वॉशरमधूनच जातो. वॉशर हरवला आणि तसाच लावला, तरी तेच. चौदा मिलिमीटरचा वॉशरवाला प्लग आधी हाताने पूर्ण बसवा. मग नवा असेल तर पान्याने अर्धा फेरा. तोच प्लग काढून पुन्हा लावताय, तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फक्त बाराव्या हिश्शाचा फेरा, घड्याळात एका आकड्यावरून पुढच्या आकड्यापर्यंत. त्याहून जास्त आवळाल तर हेडचे आटे जातील.