प्रश्नावर लावलेली चिठ्ठी आणि प्रश्न सोडवतानाची वाट

(रत्नागिरीत महाविद्यालयीन शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या प्रश्नपत्रिकेत हल्ली प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने असतात. एकात अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक, दुसऱ्यात ब्लूमची पातळी. एआयकडून प्रश्न करून घेतले की हे दोन्ही रकाने भरूनच येतात, आणि आपल्याला वाटते जुळणी झाली. पण जरा विचार करा. आपणच त्याला निष्पत्ती देतो आणि ‘यावर प्रश्न कर’ म्हणतो. तो प्रश्न लिहितो आणि आपण सांगितलेलाच क्रमांक पुढे लावतो. म्हणजे त्या रकान्यात, प्रश्नावर लावलेल्या या चिठ्ठीवर, आपली मागणी परत आलेली असते. प्रश्न खरोखर काय तपासतो, ते अजून कोणीच पाहिलेले नसते.

आज एकच घटक घेऊ, भरती-ओहोटी. समजा त्याच्या तीन निष्पत्ती ठरवल्या आहेत. पहिली, उधाण आणि भांग यांची कारणे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या स्थितीवरून विद्यार्थी स्पष्ट करू शकेल. दुसरी, एका दिवसाच्या भरतीच्या वेळेवरून पुढच्या दिवसांच्या वेळेचा अंदाज काढू शकेल. तिसरी, भरतीचा तक्ता वाचून किनाऱ्यावरच्या कामाचा निर्णय घेऊ शकेल.

आता एक तयार होऊन आलेला प्रश्न पाहा: ‘पौर्णिमेला आणि अमावस्येलाच उधाण का येते, याचे विश्लेषण करा.’ चिठ्ठीवर पातळी ‘विश्लेषण’. पण सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि दोघांची ओढ एकवटते, हे वाक्य पाठ्यपुस्तकातच आहे. विद्यार्थ्याला ते आठवायचे आहे, बस्स. क्रियापद मोठे असले म्हणून काम मोठे होत नाही. ब्लूमच्या 1956च्या मांडणीची 2001मध्ये सुधारणा झाली तेव्हा पातळ्यांना क्रियापदांची नावे मिळाली, आणि आता क्रियापदांच्या याद्या स्टाफरूमच्या भिंतींवर चिकटल्या आहेत. त्या याद्यांवर माझा राग आहे, कारण त्यांनी आपल्याला प्रश्नाचा पहिला शब्द वाचायची सवय लावली.

मग तपासायचे कसे? चिठ्ठी झाकायची आणि उत्तर स्वतः लिहायचे, तेही एकेक पायरी मांडून. कोणत्या पायरीला काय लागले, वर्गात शिकवलेले, पुस्तकातले वाक्य की नुसती वजाबाकी, ते शेजारी लिहायचे. मग त्या पायऱ्या निष्पत्तीशी ताडून पाहायच्या. हे दोन सहकाऱ्यांनी वेगवेगळे करावे, आणि दोघांना तिन्ही निष्पत्ती दिल्या तरी चिठ्ठी दाखवू नये. प्रश्न कोणत्या निष्पत्तीचा यावर दोघांचे एकमत झाले नाही, तर बहुतेक वेळा प्रश्न धूसर असतो. कधी निष्पत्तीच धूसर असते. ‘विद्यार्थ्याला भरतीचे महत्त्व समजेल’ असे लिहिले असेल, तर त्याच्याशी कुठलाही प्रश्न जुळतो.

दुसऱ्या निष्पत्तीचा प्रश्न घेऊ. ‘अमावस्येला दुपारी बाराला भरती होती. तृतीयेला साधारण किती वाजता असेल?’ भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, तीन दिवसांची 150 मिनिटे, म्हणून अडीच. पण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून तास काढतात: तीनाची पाऊणपट सव्वादोन. तांडेलाची मुलगी सव्वादोन लिहील. उत्तरसूचीत फक्त ‘2:30’ असेल तर तिचे गुण जातील, आणि निष्पत्ती मात्र तिच्याकडे आहे! निष्पत्तीत ‘अंदाज’ म्हटले आहे, म्हणून उत्तरसूचीत सव्वादोन ते अडीच अशी मुभा हवी. नुसता प्रश्न तपासून भागत नाही, सूचीही जुळवावी लागते.

सगळ्यात जास्त फसवतात ते तिसऱ्या निष्पत्तीचे प्रश्न, कारण त्यांत नौका, खाडी, जेटी असे सगळे असते आणि ते आपल्याकडचे वाटतात. हा पाहा: ‘खाडीच्या तोंडाशी गाळाचा पट्टा आहे. ज्या पातळीपासून तक्त्यातली उंची मोजतात, त्या पातळीला पट्ट्यावर 0.5 मीटर पाणी असते. नौकेला 1.5 मीटर पाणी लागते, आणि 0.3 मीटर जास्तीचे हवे. सहाला ओहोटी 0.4 मीटर, बाराला भरती 2.2 मीटर. नौका सर्वांत लवकर केव्हा आत घेता येईल?’

सोडवू. एकूण 1.8 मीटर पाणी हवे, पट्ट्यावर 0.5 आहे, म्हणून तक्त्याप्रमाणे पाण्याची उंची 1.3 झाली पाहिजे. म्हणजे 0.4पासून 0.9 मीटर चढायला हवे. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला हळू, मध्यावर जोरात, शेवटी पुन्हा हळू. त्यासाठी बाराव्या भागाचा नियम शिकवतात: सहा तासांत एकूण चढाचे अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 असे बारावे भाग. इथे चढ 1.8 मीटर, बारावा भाग 0.15. तीन तासांत सहा भाग, म्हणजे बरोबर 0.9. उत्तर नऊ वाजता.

छान वाटतो ना? पण ज्याने नियम ऐकलाच नाही आणि पाणी सारख्या वेगाने चढते असे धरले, त्याचेही उत्तर नऊच येते. 0.9 म्हणजे चढाचा बरोबर अर्धा, आणि अर्ध्यावर दोन्ही वाटा एकत्र येतात. प्रश्न दिसायला तिसऱ्या निष्पत्तीचा आहे, पण शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांना तो वेगळे करत नाही.

आता फक्त एक आकडा बदला. पट्ट्यावरचे पाणी 0.5ऐवजी 0.95 करा. मग पाण्याची उंची 0.85 झाली पाहिजे, म्हणजे 0.45 मीटर चढ, म्हणजे तीन भाग. पहिल्या दोन तासांत तेवढे होतात, उत्तर आठ. सारखा वेग धरणाऱ्याचे उत्तर साडेसात. साडेसातला पाणी खरे तर 0.3 मीटरच चढलेले असते, 0.15 मीटर कमी पडते आणि जास्तीचे ठेवलेले अर्धे पाणी तिथेच संपते. पर्यायांत साडेसात ठेवला, तर ज्याने तो निवडला त्याची कोणती समजूत चुकली हेही कळते.

म्हणून उत्तर लिहून झाल्यावर दुसरे काम करा: चुकीच्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचता येते का, ते मुद्दाम करून बघा. हे काम नजर फिरवून होत नाही. प्रश्न आणि निष्पत्ती यांतले शब्द ताडणाऱ्या साधनानेही होत नाही, कारण 0.5 आणि 0.95 असलेल्या दोन्ही प्रश्नांतले शब्द अगदी तेच आहेत.

मग गुणांची बेरीज करा, आणि चिठ्ठ्यांवरून न करता प्रश्न सोडवून तुम्ही ठरवलेल्या निष्पत्तींवरून करा. चिठ्ठ्यांप्रमाणे वीस गुणांत सात तिसऱ्या निष्पत्तीला दिसतील. तपासल्यावर कदाचित दोनच उरतील, बाकीचे आठवण्याचे प्रश्न निघतील. अशा वेळी निष्पत्ती बदलून कागद जुळवू नका, प्रश्न बदला. बदललेला प्रश्न पुन्हा सोडवा, कारण आकडा दुरुस्त करताना दुसरी पळवाट तयार होऊ शकते.

एक मर्यादा सांगतो. ही तपासणी आपण, म्हणजे विषय येणाऱ्या लोकांनी केलेली असते. मूल कुठल्या वाटेने जाईल हा आपला अंदाज. त्यामुळे परीक्षेनंतर काही उत्तरपत्रिका काढा आणि कच्चे काम वाचा. मुलांनी आठ लिहिले असेल, पण बाराव्या भागांचा मागमूस नसेल, तर त्यांना आपल्या लक्षात न आलेली एखादी वाट सापडली आहे. ती वाट कोणती हे त्या मुलांनाच विचारा, आणि प्रश्न पुढच्या वर्षी वापरण्यापूर्वी दुरुस्त करून ठेवा.