चार मिलिमीटर

टेबलावर दिसत असलेली ही इमारत म्हणजे उतारावर वसवलेले एक वाचनालय आहे. त्याला तळमजला, पहिला मजला आणि दुसरा मजला अशा तीन पातळ्या आहेत. उताराच्या माथ्यावरून जाणाऱ्या रस्त्यावरून एक छोटा पूल थेट दुसऱ्या मजल्यावर उतरतो आणि तेच वाचनालयाचे मुख्य प्रवेशद्वार आहे. वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीने चार महिने कागदावर घडवलेली ही रचना आज रात्रीतून पुठ्ठ्यात उभी राहायची आहे, कारण सकाळी नऊ वाजता अंतिम ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोरचे सादरीकरण, आहे.

मॉडेलचे प्रमाण एकास शंभर आहे. प्रत्यक्षातील एक मीटर येथे दहा मिलिमीटरचा होतो आणि उभा माणूस जेमतेम सतरा मिलिमीटरचा. जमिनीचा उतार तिने दोन दिवस आधीच तयार करून ठेवला आहे. खोक्यांच्या पन्हळीदार पुठ्ठ्याचे पाच मिलिमीटर जाडीचे बारा थर एकावर एक चिकटवून सहा मीटरचा चढ, म्हणजे साठ मिलिमीटर, तिने उभा केला आहे. इमारतीसाठी मात्र तिने दोन मिलिमीटर जाडीचा माउंट बोर्ड घेतला आहे. प्रत्येक मजला सुटा उचलता यावा, म्हणजे ज्युरीला आत डोकावून पाहता येईल, या हेतूने प्रत्येक मजल्याच्या भिंती फक्त त्याच मजल्याच्या जमिनीला चिकटवलेल्या आहेत आणि वरचा मजला त्यांच्यावर नुसता टेकवायचा आहे. ही सोय पुढे तिला वाचवणार आहे, पण रात्री साडेदहा वाजता तिला त्याची कल्पना नाही.

ती कापते कशी, ते पाहण्यासारखे आहे. कटरचे पाते ती एका दमात बोर्डातून आरपार नेत नाही. पोलादी पट्टी घट्ट दाबून पहिल्यांदा पात्याने नुसती रेघ ओढायची, मग त्याच रेघेतून पाच-सहा वेळा हलक्या हाताने पाते फिरवायचे आणि शेवटच्या फेरीला तुकडा आपोआप सुटू द्यायचा, अशी ही पद्धत आहे. जोर लावला की पाते तिरके होते, कड उतरती येते आणि असे दोन तुकडे काटकोनात जुळवताना सांध्यात फट दिसते. पाते बोथट झाल्याचे डोळ्यांआधी हाताला कळते, कारण बोर्ड कापला जाण्याऐवजी दबू लागतो आणि कडेला कागदाचे तंतू उभे राहतात. तेव्हा पात्याचा टोकाचा तुकडा मोडून टाकायचा असतो. उत्तररात्री नेमका हाच कंटाळा केला जातो, आणि बोटे कापली जातात तीही त्याच वेळी.

पावणेबाराच्या सुमारास ती जिना बसवते. एका मजल्याची उंची तीन मीटर आणि पायरीची उंची पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वीस पायऱ्या. त्यासाठी तिने मुद्दाम दीड मिलिमीटर जाडीचा बोर्ड निवडला आहे. वीस थर पायरी-पायरीने मागे सरकवत चिकटवले की बरोबर तीस मिलिमीटर उंचीचा जिना होतो. जिना तळमजल्यात ठेवून ती वर पहिला मजला टेकवते, तेव्हा जिन्याची शेवटची पायरी वरच्या जमिनीपर्यंत पोहोचत नाही. थोडी, अगदी दोन मिलिमीटरची, उणीव राहते. शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण मान वर करून विचारते, “पायऱ्या मोजल्यास का?” ती मोजते. पायऱ्या वीसच आहेत. मग थर जास्त दाबले गेले असावेत, असे ठरवून ती दोन मिलिमीटरच्या बोर्डाचा एक तुकडा जिन्याखाली सरकवते, दुसऱ्या जिन्यालाही तसाच आधार देते आणि पुढच्या कामाला लागते.

चूक तिच्यासमोर पहिल्यांदा आली ती येथे, आणि तिने दोष जिन्यावर ढकलला. जिना हा मॉडेलमधला सर्वांत किचकट भाग असल्यामुळे तोच चुकला असेल असे वाटणे स्वाभाविक आहे; वास्तविक त्या क्षणी संपूर्ण टेबलावर बिनचूक असलेली एकमेव वस्तू तो जिनाच होता.

दोन वाजता पुलाची पाळी येते. सहा सेंटिमीटर लांबीची ती पट्टी एका टोकाने दुसऱ्या मजल्याच्या उंबरठ्यावर आणि दुसऱ्या टोकाने रस्त्यावर टेकायला हवी, आणि ती सपाट राहायला हवी. ती सपाट राहत नाही. रस्त्याकडून इमारतीकडे पूल चढत जातो, आणि तोही इतका की वाकून पाहण्याची गरज पडत नाही. इमारत आणि जमीन यांत पाच मिलिमीटरचा फरक आहे. प्रत्यक्षात तो अर्धा मीटर झाला असता, म्हणजे प्रवेशद्वारात तीन पायऱ्या चढण्याइतका.

पहिला संशय ती उतारावर घेते, आणि या वेळी तो थोडा खराही ठरतो. बारा थरांची एकत्रित उंची साठऐवजी एकोणसाठ मिलिमीटर भरते, कारण चिकटवताना ठेवलेल्या वजनाखाली पुठ्ठ्याच्या पन्हळी किंचित चेपल्या आहेत. उरलेले चार मिलिमीटर मात्र जमिनीत सापडत नाहीत. ती छेदचित्र, म्हणजे इमारत उभी कापल्यास आतून कशी दिसेल ते दाखवणारा नकाशा, टेबलावर पसरते आणि तळापासून एकेक पातळी पट्टीने मोजू लागते. कागदावर दुसऱ्या मजल्याची जमीन साठ मिलिमीटरवर आहे, मॉडेलमध्ये ती चौसष्टवर आहे. पहिल्या मजल्याची जमीन तीसऐवजी बत्तीसवर आहे. म्हणजे दर मजल्याला दोन मिलिमीटर वाढले आहेत, आणि दोन मिलिमीटर ही बोर्डाची जाडी आहे.

छेदचित्रात मजल्याची उंची एका जमिनीच्या पृष्ठभागापासून वरच्या जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत मोजलेली असते. त्या तीन मीटरमध्ये स्लॅबची जाडीही आलेली असते. तिने भिंती तीस मिलिमीटरच्या कापल्या आणि त्यांच्यावर दोन मिलिमीटरची जमीन ठेवली, तेव्हा स्लॅबचा हिशेब दोनदा धरला गेला. भिंती अठ्ठावीसच्या हव्या होत्या. जिना पोहोचत नव्हता तो याच कारणाने.

आता तीन वाटा आहेत. रस्त्याची पातळी वाढवायची, तर नकाशातली जमीन आणि मॉडेलमधली जमीन वेगळी होईल, आणि ज्युरी छेदचित्र मॉडेलशेजारी धरून पाहतात. नव्या भिंती कापायच्या, तर खिडक्यांसह सगळे पुन्हा करावे लागेल आणि हातात सात तास आहेत. तिसरी वाट म्हणजे उभ्या भिंतींच्या माथ्यावरून दोन मिलिमीटर काढून टाकणे. मात्र उभ्या भिंतीला पोलादी पट्टीचा आधार देता येत नाही आणि मोकळ्या हाताने फिरवलेले पाते सरळ जात नाही.

येथून पुढचा तास बहुधा संपूर्ण रात्रीतला सर्वांत शहाणपणाचा तास आहे. टाकाऊ बोर्डाचे तीन सेंटिमीटरचे चौदा चौकोन कापून ती एकावर एक रचते. चौदा दुणे अठ्ठावीस. डिंकाच्या थराने उंची वाढू नये म्हणून प्रत्येक चौकोनाच्या मधोमध फक्त एक ठिपका लावते आणि तो ठोकळा पुस्तकांखाली दाबून ठेवते. वाळल्यावर तो पट्टीने चारही बाजूंनी मोजते, आणि मगच कटरमध्ये नवे पाते चढवते. ठोकळा मजल्याच्या आत जमिनीवर उभा करायचा, पाते त्याच्या माथ्यावर आडवे टेकवायचे, आणि ठोकळा व पाते दोन्ही मिळून भिंतीच्या कडेने सरकवायचे. पाते कुठेही गेले तरी अठ्ठावीस मिलिमीटरच्या उंचीवरच राहते. एका भिंतीला आठ-दहा फेऱ्या लागतात. भिंत बाहेर कलू नये म्हणून मैत्रीण बाहेरच्या बाजूने बोर्डाचा जाड तुकडा धरून बसते, बोटे मात्र पात्याच्या रेषेपासून खाली ठेवते. कोपऱ्यात पाते पोहोचत नाही, तिथे शेवटचा भाग टोकाने टोचून सोडवावा लागतो आणि कागद थोडा फाटतो. फाटलेल्या कडा ती सपाट लाकडाला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासते. तरीही दोन कोपरे खडबडीत राहतात, पण वरचा मजला टेकला की ते झाकले जाणार आहेत.

साडेचार वाजता तळमजला होतो, साडेपाचला पहिला. दुसऱ्या मजल्याच्या भिंतींना ती हात लावत नाही. त्यामुळे छप्पर छेदचित्रापेक्षा दोन मिलिमीटर उंच राहील, हे तिला ठाऊक आहे. पण छपराला पूल किंवा जिना असे काहीही येऊन मिळत नाही आणि खिडक्यांच्या वरची पट्टी आधीच अरुंद आहे. ही तडजोड मला योग्य वाटते.

मजले पुन्हा रचल्यावर जिन्याची शेवटची पायरी वरच्या जमिनीतून दोन मिलिमीटर बाहेर डोकावते. क्षणभर ती घाबरते, मग तिला खाली सरकवलेला तो तुकडा आठवतो. दोन्ही जिन्यांखालचे तुकडे काढल्यावर पायऱ्या जमिनीशी बरोबर मिळतात.

उताराचा एक मिलिमीटर अजून उरलेला आहे. तो ती एक मिलिमीटर जाडीच्या करड्या कार्डाचा रस्ता कापून भरून काढते. हे कार्ड ती पांढऱ्या डिंकाने चिकटवत नाही, कारण डिंकातील पाण्याने पातळ कार्डाची एकच बाजू फुगते आणि वाळताना ते वाकून कडा उचलते. ती दुहेरी चिकटपट्टी वापरते. सव्वासहा वाजता पूल दोन्ही टोकांना टेकतो. ती खाली वाकते, एक डोळा मिटते आणि रस्त्यावरून पुलाच्या पृष्ठभागावर नजर टाकते. रेषा सरळ आहे.

ज्युरीमध्ये बाहेरून आलेले परीक्षक तिचे नकाशे थोडक्यात पाहतात आणि मॉडेलकडे वळतात. तेही गुडघ्यात वाकून, डोळे रस्त्याच्या पातळीवर आणून, पुलावरून आत पाहतात. वरचा मजला उचलतात, जिना पाहतात, मजला परत ठेवतात. तळाच्या फाटलेल्या कोपऱ्यांकडे त्यांचे लक्ष जात नाही. मग ते पुलाच्या रस्त्याकडील टोकावर पेन्सिल ठेवतात.

“रस्ता, पूल आणि आतली जमीन एकाच पातळीवर आहे. पावसात रस्त्यावरचे पाणी कुठे जाईल?”

रस्त्याचे ते करडे कार्ड तिने तीन तासांपूर्वी चिकटवले आहे. ते नसते, तर रस्ता पुलापेक्षा एक मिलिमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटर, खाली राहिला असता आणि पाणी आत आले नसते; मात्र मग चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्याला तो उंबरठा अडवला असता. ती थोडा वेळ गप्प राहते. नंतर परीक्षकांकडून पेन्सिल मागून घेते आणि पूल जिथे रस्त्याला मिळतो तिथे, त्या स्वच्छ करड्या कार्डावर, पुलाच्या पूर्ण रुंदीची एक आडवी रेघ ओढते.

“इथे जाळीने झाकलेली पन्हळ,” ती म्हणते, “आणि तिचा उतार या बाजूला.”

परीक्षक छेदचित्र तिच्याकडे सरकवतात आणि पन्हळीची खोली त्यावर काढून दाखवायला सांगतात.