पेत्रोग्राडचा पाव : फेब्रुवारी १९१७

(दृश्य : गोठलेली नेवा नदी, लितेयनी पूल)

ही नेवा नदी आणि हा लितेयनी पूल. पलीकडच्या तीरावर व्हिबोर्ग, म्हणजे गिरण्या, धातूचे कारखाने आणि कामगारांच्या खोल्या. अलीकडे राजवाडे, सरकारी कचेऱ्या आणि नेव्स्की हा मुख्य रस्ता. १९१७ साली या शहराचं नाव पेत्रोग्राड होतं आणि ते रशियन साम्राज्याची राजधानी होतं. त्या फेब्रुवारीत पोलिसांनी हा पूल अडवला, तेव्हा व्हिबोर्गचे कामगार खाली उतरले आणि नदीच्या बर्फावरून चालत पलीकडे गेले.

ते पाव मागायला निघाले होते.

(दृश्य : बेकरीसमोरची रांग, जुनी छायाचित्रं)

या रांगेकडे नीट बघा. जवळपास सगळ्या बायका आहेत. डोक्याला लोकरी रुमाल, हातात पिशवी. गिरणीत दहा-अकरा तास उभं राहायचं आणि मग इथे, उणे तापमानात, पहाटेपर्यंत पुन्हा उभं राहायचं. दुकान उघडलं तरी पाव मिळेलच याची खात्री नाही. नवरा किंवा भाऊ पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर. युद्ध सुरू झाल्यापासून सुमारे दीड कोटी माणसं सैन्यात ओढली गेली होती.

आता प्रश्न असा की रशियात धान्य नव्हतं का? होतं. युद्धाआधी हा देश जगाला गहू विकत होता. तुर्कस्तान युद्धात उतरलं, काळ्या समुद्रातून बाहेर पडायची वाट बंद झाली आणि निर्यात थांबली. म्हणजे ते धान्य देशातच राहिलं. तरी राजधानीत पाव नाही. असं का झालं, ते या रुळांवर कळतं.

(दृश्य : वाफेचं इंजिन, बर्फात अडकलेले डबे)

युद्धाआधी पेत्रोग्राडचे कारखाने इंग्लंडहून जहाजाने येणाऱ्या कोळशावर चालत. जर्मन आरमाराने बाल्टिक समुद्र अडवला आणि तो कोळसा बंद झाला. मग कोळसा आणायचा दक्षिणेतल्या दोनेत्स खोऱ्यातून, हजार किलोमीटरहून लांब, रेल्वेने. धान्यही दक्षिणेतून आणि व्होल्गाकाठून, त्याच रेल्वेने. आणि त्याच रुळांवरून आघाडीकडे सैनिक, तोफगोळे, घोड्यांचा चारा. आघाडीच्या गाड्यांना पहिला मान. इंजिनं झिजत चालली होती, दुरुस्तीला सुटे भाग नव्हते. त्यात १९१७ चा हिवाळा भयंकर कडक निघाला. बॉयलरमधलं पाणी गोठून इंजिनं फुटली, भरलेले डबे मधल्या स्थानकांवर बर्फात उभे राहिले. शहरात जे पीठ पोहोचलं, ते भाजायला काही बेकऱ्यांकडे सरपण नव्हतं.

दुसरी गाठ खेड्यात बसलेली होती. सरकारने धान्याचे भाव बांधून दिले. पण कारखाने तोफगोळे बनवण्यात गुंतलेले, त्यामुळे खिळे, कापड, नांगराचे फाळ बाजारातून गायब झाले किंवा परवडेनासे झाले. तिजोरीची तूट भरायला नोटा छापल्या जात होत्या, रुबलची किंमत घसरत होती. शेतकऱ्याने धान्य विकून त्या पैशाचं करायचं काय? त्याने धान्य कणगीत ठेवलं, जनावरांना घातलं. त्याला यात दोष देता येत नाही.

(दृश्य : झार निकोलस दुसरा, लष्करी गणवेशात)

हा झार निकोलस दुसरा. १९१५ च्या ऑगस्टमध्ये त्याने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं आणि मोगिल्योव्हच्या लष्करी ठाण्यावर राहायला गेला. तेव्हापासून प्रत्येक पराभव थेट त्याच्या नावावर लागू लागला. मागे राजधानीत दीड वर्षात चार पंतप्रधान झाले. धान्य, कोळसा आणि रेल्वे यांचा एकत्र विचार कुणी करायचा, हेच ठरलेलं नव्हतं. संसद, म्हणजे दूमा, मंत्र्यांना जाब विचारायचा अधिकार मागत होती. झारने तो दिला नाही.

फेब्रुवारीत राजधानीचे लष्करी प्रमुख जनरल खबालोव यांनी रेशनकार्डं येणार असल्याचं जाहीर केलं. लोकांनी मिळेल तेवढा पाव घरात भरायला सुरुवात केली. बेकऱ्यांच्या काचा फुटल्या. खबालोवनी भिंतींवर पत्रकं लावली : शहरात पीठ पुरेसं आहे, लोक सुकवून ठेवण्यासाठी जास्तीचा पाव घेतात म्हणून टंचाई दिसते. रात्रभर उभं राहून रिकाम्या हाताने परतलेल्या बाईने ते पत्रक वाचलं असेल.

(दृश्य : व्हिबोर्गच्या गिरण्या, आजच्या)

२३ फेब्रुवारी. आपल्या कॅलेंडरप्रमाणे ८ मार्च, महिला दिन. रशियाचं जुनं कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं. इथल्या सगळ्या तारखा त्याच जुन्या कॅलेंडरच्या. आदल्या दिवशी झार पुन्हा मोगिल्योव्हला निघून गेला होता.

त्या दिवशी संप करा असं कुठल्याही पक्षाने सांगितलं नव्हतं. लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या व्हिबोर्गमधल्या कार्यकर्त्यांनी तर बायकांना थांबायला सांगितलं होतं. सूतगिरण्यांतल्या बायका थांबल्या नाहीत. त्या काम सोडून रस्त्यावर आल्या, शेजारच्या नोबेल कारखान्याच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले आणि आतल्या पुरुषांना हाका मारून बाहेर काढलं. क्रांतीची गोष्ट लेनिनपासून सांगायची सवय आहे. लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता. सुरुवात या बायकांनी केली.

२५ तारखेपर्यंत दोन लाखांहून जास्त माणसं संपावर होती. ट्राम बंद, वर्तमानपत्रं बंद. "युद्ध पुरे", "झारशाही मुर्दाबाद" असे फलक दिसू लागले. कोसॅक घोडेस्वार गर्दीवर चालून जायला टाळाटाळ करत होते. बायका त्यांच्या घोड्यांजवळ जाऊन बोलत होत्या.

त्या संध्याकाळी शेकडो किलोमीटर दूरच्या झारची तार आली : राजधानीतला गोंधळ उद्याच थांबवा. २६ तारखेला, रविवारी, झ्नामेन्स्काया चौकात आणि नेव्स्कीवर गोळीबार झाला. कित्येक माणसं मेली.

(दृश्य : सैनिक, लाल फिती, मोटारींवर संगिनी)

गोळ्या झाडणाऱ्यांत वोलिन्स्की पलटणीची प्रशिक्षण तुकडी होती. राजधानीच्या छावण्यांत कोंबलेले नवे रंगरूट आणि जखमेतून उठलेले जुने सैनिक, असाच सगळा भरणा होता. रांगेतल्या बायका त्यांच्याच घरच्यांसारख्या. त्या रात्री सार्जंट तिमोफेय किर्पिच्निकोव्ह आणि सोबत्यांनी ठरवलं की उद्या गोळी झाडायची नाही. सकाळी कॅप्टन लाश्केविच आला, तेव्हा तुकडीने हुकूम ऐकला नाही. तो परत फिरला आणि अंगणात गोळी लागून पडला. आता मागे फिरणं म्हणजे फाशी. तुकडी शेजारच्या छावण्यांत गेली, पलटणींमागून पलटणी बाहेर आल्या. शस्त्रागार फुटलं, तुरुंग उघडले, लितेयनी रस्त्यावरचं न्यायालय पेटलं. संध्याकाळपर्यंत खबालोवच्या हाताशी मोजकेच सैनिक उरले.

(दृश्य : रेल्वेचा डबा, प्स्कोव्ह)

झार गाडीने राजधानीकडे निघाला. पुढचे रूळ बंडखोरांच्या हाती गेल्याचं कळलं आणि गाडी वळवावी लागली, ती प्स्कोव्हला पोहोचली. तिथे आघाड्यांवरच्या सेनापतींच्या तारा आल्या, पायउतार व्हा असं सांगणाऱ्या. २ मार्चला याच गाडीत त्याने सही केली. धाकट्या भावाने दुसऱ्या दिवशी गादी नाकारली आणि १६१३ पासूनची रोमानोव्ह घराण्याची सत्ता संपली.

ताव्रीचेस्की राजवाड्याच्या एका बाजूला दूमाचं हंगामी सरकार जमलं, दुसऱ्या बाजूला कामगार आणि सैनिकांची सोव्हिएत, म्हणजे परिषद. सरकारने धान्यावर मक्तेदारी जाहीर केली, पण शेतकऱ्याला बदल्यात द्यायला त्यांच्याकडेही काही नव्हतं. युद्धही चालू ठेवलं. ऑक्टोबरात "शांतता, जमीन, पाव" म्हणत बोल्शेविकांनी सत्ता घेतली, आणि पुढे यादवी युद्ध आणि त्याहून मोठी उपासमार आली.