एक बाळ, एकशे अठ्ठ्याण्णव वाहक

[दृश्य: बाळाची टाच, सुईचं एक टोचणं, जाड कागदाच्या कार्डावर रक्ताचे गोल ठिपके]

बाळ जन्मून एक-दोन दिवस झालेत, टाचेतून रक्ताचे चार थेंब या कार्डावर घेतले की ते वाळवून लॅबला जातं, आणि तिथे बघतात की रक्तात फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल जास्त साठलंय का. साठलं असेल तर शंका फेनिलकीटोन्युरियाची, थोडक्यात पीकेयू. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १०,००० बाळांमागे १ असं बाळ सापडतं.

आता हा १ मोजता आला, कारण तो आजारी आहे. पण पीकेयू रिसेसिव्ह आहे, म्हणजे आईकडून आणि बाबांकडून, दोन्हीकडून जीनची बिघडलेली कॉपी आली तरच आजार होतो. एकच बिघडलेली आली तर माणूस ठणठणीत, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. हेच वाहक. ते किती असतील?

बहुतेक जण इथे पहिली चूक करतात ती ही, की १०,००० मधून १ वजा केला आणि उरलेले ९,९९९ म्हणजे वाहक किंवा ९,९९९ म्हणजे नॉर्मल, काहीतरी एक लिहून मोकळे. त्या ९,९९९ मध्ये दोघंही मिसळलेत हो, वजाबाकीने ते वेगळे होत नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची? त्या एका बाळापासूनच, कारण त्याच्या दोन्ही कॉपी काय आहेत हे आपल्याला पक्कं माहितीये, बाकी कुणाबद्दलच माहिती नाही. बिघडलेल्या अलीलचं, म्हणजे बिघडलेल्या कॉपीचं, प्रमाण q धरा आणि चांगल्या कॉपीचं p. आईकडून ती येण्याची शक्यता q, बाबांकडूनही q, दोन्ही एकदम म्हणजे q गुणिले q.

[पडद्यावर]

q² = १/१०,०००
q = १/१०० = ०.०१
p = १ − q = ०.९९
2pq = २ × ०.९९ × ०.०१ = ०.०१९८

2pq मधला तो २ विसरू नका, परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. बिघडलेली कॉपी आईकडून आणि चांगली बाबांकडून, किंवा उलट, असे वाहक व्हायचे रस्तेच दोन आहेत. ०.०१९८ म्हणजे जवळपास ५० जणांत १.

टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजू. १०,००० माणसं, प्रत्येकात दोन, म्हणजे एकूण २०,००० कॉपी, त्यातल्या शंभरातली एक बिघडलेली म्हणजे २००. आजारी बाळाकडे त्यातल्या फक्त २. उरलेल्या १९८ कॉपी १९८ धडधाकट माणसांत एकेक करून बसलेल्या, आणि ९,८०१ जण पूर्ण नॉर्मल. १ अधिक १९८ अधिक ९,८०१, बरोबर १०,०००. मला तरी या हिशोबात हेच सगळ्यात भारी वाटतं, की आजाराच्या १०० पैकी ९९ कॉपी कुठल्याच आजारी माणसात नसतात.

उत्तर बरोबर आलं का हे उलटं जाऊनही बघता येतं. आई वाहक असण्याची शक्यता १/५०, बाबांची १/५०, दोघंही वाहक असले तर बाळाला आजार होण्याची १/४. गुणाकार करा, १/१०,०००, निघालो तिथेच परत आलो.

हे q² आणि 2pq चं गणित १९०८ साली इंग्लंडमध्ये हार्डी या गणितज्ञाने आणि जर्मनीत वाइनबर्ग या डॉक्टरने वेगवेगळं मांडलं. दोघांच्याही गणितात एक अट आहे, जोड्या रँडम जुळल्या पाहिजेत. त्या अटीवरच तर आपण q ला q ने गुणलं.

आता ती अट मोडून बघू. अलील तेवढंच, q अजूनही ०.०१, पण समजा एखाद्या समाजात सगळीच लग्नं सख्ख्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांत होतात. दोघांचे आजी-आजोबा एकच, त्यामुळे एकाच पूर्वजाची बिघडलेली कॉपी दोन्ही बाजूंनी बाळापर्यंत पोचू शकते. तिथे आजारी बाळांचं प्रमाण होतं q² + pq/१६, म्हणजे जवळपास १,४०० मध्ये १, सातपट. हे न बघता कुणी त्या आकड्याचं सरळ वर्गमूळ काढलं तर q येतो ०.०२७ च्या आसपास आणि वाहक ५ टक्क्यांच्या वर, आणि प्रत्यक्षात तिथे वाहक २ टक्क्यांच्याही खाली आहेत.

[दृश्य: पुन्हा तेच कार्ड, शेजारी जीन टेस्टचे रिपोर्ट]

गडबड कळते ती इथे. धडधाकट माणसांची थेट जीन टेस्ट केली, वर्गमूळ म्हणतंय शंभरात पाच वाहक सापडायला हवेत, आणि हातात दोनसुद्धा पुरते येत नाहीत.