एकवीसशे पट : फुंकरीतून रक्ताचा आकडा कसा निघतो

[दृश्य: रात्रीची नाकाबंदी. बॅरिकेड, पिवळे दिवे, थांबलेली गाडी.]

रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. गाडी बाजूला घ्यायला लावलेली आहे. हवालदार पाकीट फोडून नवी प्लास्टिकची नळी श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राला बसवतात आणि सांगतात, ‘‘फुंका. मध्ये थांबू नका, फुंकत राहा.’’ पाच-सहा सेकंदांनी यंत्रातून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. थोड्या वेळानं पडद्यावर आकडा येतो: ३८.

३८ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३८ मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा आहे ३०. पण यंत्रानं रक्त पाहिलेलंच नाही. त्यानं पाहिला तो श्वास, तोही जेमतेम एक मिलिलिटर. त्या श्वासापासून रक्तापर्यंतचा रस्ता यंत्र एका ठरलेल्या गुणाकारानं कापतं.

[दृश्य: हवाबंद बरणी, तळाशी दारू, वर मोकळी हवा.]

एखाद्या बरणीत थोडी दारू ओतून झाकण घट्ट लावा. काही वेळानं वरच्या हवेतही अल्कोहोलची वाफ असते. किती? तापमान तेच राहिलं, तर द्रवात जितकं अल्कोहोल जास्त, तितकी त्याच प्रमाणात हवेत वाफ जास्त. हा हेन्रीचा नियम. फुप्फुसांत हेच घडतं. वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतीपलीकडे केशवाहिन्यांमधून रक्त वाहत असतं. त्यातलं अल्कोहोल भिंत ओलांडून वायुकोशातल्या हवेत येतं आणि ती हवा आपण बाहेर सोडतो.

भारतात वापरली जाणारी यंत्रं साधारणपणे असं धरून चालतात की २१०० मिलिलिटर श्वासात जितकं अल्कोहोल, तितकंच एक मिलिलिटर रक्तात. म्हणजे रक्तात श्वासाच्या २१०० पट. हा आकडा बाहेर पडणाऱ्या श्वासाचं तापमान ३४ अंश सेल्सिअस धरून ठरलेला आहे. कायद्याची ३० ची मर्यादा या हिशेबानं उलट नेली, तर एका मिलिलिटर श्वासात अल्कोहोल येतं सुमारे ०.१४ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाचाही सातवा हिस्सा. एवढंसं मोजायचं असतं.

[दृश्य: उघडलेलं यंत्र. बटणाएवढी चकती, शेजारी छोटा पंप.]

मोजते ती ही चकती. तिला फ्युएल सेल म्हणतात. आत सच्छिद्र थर आहे, तो आम्लानं भिजवलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा मुलामा असतो. मघाशी ऐकू आलेला ‘टक्’ हा शेजारच्या पंपाचा आवाज. त्यानं श्वासाचा ठरलेला छोटा घोट चकतीवर ओढून घेतला. प्लॅटिनमवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होऊन अ‍ॅसिटिक आम्ल बनतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. हे होताना इलेक्ट्रॉन सुटतात. ते तारेतून दुसऱ्या बाजूला जातात आणि तिथे हवेतल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. तारेतून एकूण किती वीज गेली ते यंत्र मोजतं. अल्कोहोल दुप्पट, तर वीज दुप्पट.

पंप मात्र लगेच ओढत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. फुंकरीची सुरुवातीची हवा तोंड, घसा आणि श्वासनलिकेतली असते. ती वायुकोशांपर्यंत गेलेलीच नसते. म्हणून यंत्रातला दाबाचा सेन्सर पाहत राहतो की फुंकर सलग आहे का आणि पुरेशी हवा बाहेर पडली का. मग शेवटची, खोलवरची हवा घेतली जाते. कोणी अर्ध्यातच थांबलं, तर यंत्र आकडा न देता पुन्हा फुंकायला लावतं.

बाजारात हजार-दीड हजारात मिळणारी किल्लीच्या जुडग्याला लावायची यंत्रंही असतात. त्यांत बहुधा टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो. तो अल्कोहोलसोबत अ‍ॅसिटोनलाही दाद देतो. मधुमेह हाताबाहेर गेला किंवा कडक उपास घडला, की श्वासात अ‍ॅसिटोन वाढतं. फ्युएल सेल अ‍ॅसिटोनला जवळजवळ ओळखतच नाही. त्या स्वस्त यंत्राच्या भरवशावर ‘चालेल, निघू या’ म्हणणं हा शुद्ध जुगार आहे.

[दृश्य: तोंड धुणारा माणूस. शेजारी माउथवॉशची बाटली, आसवाची बाटली.]

आता चुका. पहिली चूक तोंडातली. घोट नुकताच घेतला असेल, किंवा माउथवॉशनं चूळ भरली असेल, किंवा द्राक्षासवासारखं एखादं आसव नाहीतर स्पिरिटमधले होमिओपॅथीचे थेंब घेतले असतील, तर अल्कोहोल थेट तोंडाच्या ओलसर त्वचेवर असतं. तिथून उडालेली वाफ फुप्फुसातून आलेल्या वाफेत मिसळते आणि यंत्र दोन्हींना २१०० नं गुणतं. आकडा कितीही फुगू शकतो. पोटात दारू असताना आंबट ढेकर आली, तरी तेच.

उपाय साधा आहे. पंधरा मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात काही खायचं-प्यायचं नाही, ढेकर किंवा उलटी झाली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मग दुसरी चाचणी. आकडा धाडकन खाली आला, तर पहिला तोंडातला होता. दोन्ही जवळपास सारखे आले, तर रक्तातला. कांदा, पान किंवा पुदिन्याच्या गोळीनं यातलं काहीच बदलत नाही. त्यांनी वास झाकला जातो, आणि यंत्र वास घेत नाही.

दुसरी चूक तापमानाची. श्वास एक अंशानं गरम झाला, तर त्यातलं अल्कोहोल साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढतं. ताप असलेल्या माणसाचा ३८ हा ताप नसता तर ३६ च्या आसपास आला असता. तीस सेकंद श्वास रोखून मग फुंकलं, तर आकडा पंधरा टक्क्यांच्या आसपास चढतो. उलट, आधी भराभर खोल श्वास घेतले, तर दहा टक्क्यांच्या आसपास उतरतो.

आणि खुद्द २१०० हाच आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही. दारू पूर्ण भिनून उतरू लागली, की बहुतेकांचं खरं प्रमाण २३०० च्या आसपास असतं. इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात श्वासाची आणि रक्ताची मर्यादा वेगवेगळी दिलेली आहे. १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम, १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. भागाकार करून पाहा, २३०० च्या जवळ येईल. म्हणजे आपली यंत्रं दारू उतरत असलेल्या माणसाला बऱ्याचदा थोडं कमीच दाखवतात. नाकाबंदीत याची तक्रार कोणी करत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण शेवटचा पेग नुकताच झाला असेल, तर चित्र उलटं होतं. तेव्हा पोटातून आणि आतड्यातून दारू अजून भिनत असते. फुप्फुसाकडून शरीराकडे निघालेल्या धमनीतल्या रक्तात ती जास्त असते. श्वास या रक्ताशी जुळतो. दंडाच्या शिरेतलं रक्त मात्र हाताच्या स्नायूंना दारू वाटून परत आलेलं असतं, म्हणून त्यात ती कमी. डॉक्टर सुई टोचतात ती शिरेत. त्या अर्ध्या-एक तासात यंत्र रक्तापेक्षा जास्त दाखवू शकतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

[दृश्य: सरकारी रुग्णालय. टेबलावर सिरिंज, कापूस, लहान कुपी.]

रक्त घेण्याचेही नियम आहेत. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली १९५९ चे नियम आहेत. त्यांनुसार त्वचा निर्जंतुक पाण्यानं पुसायची आणि रक्त काढताना कुठेही अल्कोहोल लावायचं नाही. सवयीनं हात स्पिरिटच्या बोळ्याकडे जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिलेलं आहे. रक्त शिरेतलं, किमान पाच मिलिलिटर. ते ज्या कुपीत ओततात, तिच्यात रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं रसायन आधीच असतं. कुपी जोरात हलवायची, म्हणजे रसायन रक्तात विरघळतं. मग चिठ्ठी लावून लाखेची मोहोर.

टिकवणारं रसायन बहुधा सोडिअम फ्लोराइड असतं. ते कमी पडलं किंवा कुपी हलवलीच नाही, तर उकाड्यात पडून राहिलेल्या रक्तात जंतू वाढतात आणि त्यातल्या साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात. मग न प्यायलेली दारू अहवालात येते. बूच सैल असेल, तर अल्कोहोल उडून जातं आणि प्यायलेली दारू अहवालातून गायब होते. प्रयोगशाळेत कुपीतलं थोडं रक्त दुसऱ्या बंद बाटलीत गरम करतात, वरची वाफ घेतात आणि तिच्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात. गंमत पाहा, तिथेही शेवटी मोजली जाते ती रक्तावरची हवाच. फरक इतकाच की बरणी खरी असते, तापमान नेमकं ठरलेलं असतं आणि गुणाकाराचा आकडा अंदाजाचा नसतो. माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून तो मिळवलेला असतो.

[दृश्य: फळा. एका बाजूला ११:४०, दुसऱ्या बाजूला १:२०.]

आता आपला ३८ चा माणूस घेऊ. पोलीस ठाणे, कागदपत्रं, रुग्णालयातली रांग यांत वेळ जातो आणि रक्त घेतलं जातं रात्री एक वाजून वीस मिनिटांनी. मध्ये १०० मिनिटं गेली. दारू अकरा चाळीसलाच पूर्ण भिनलेली होती आणि त्याचं रक्त-श्वासाचं प्रमाण २३०० आहे असं धरू. मग तेव्हा त्याच्या रक्तात खरे ३८ नव्हे, जवळपास ४२ होते.

यकृत रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं उतरवतं. १०० मिनिटांत उतरले २५. कुपीत गेले १७. अहवालात १७ येतात, यंत्राच्या चिठ्ठीवर ३८ असतात, आणि हाच ‘यंत्र खोटं’ म्हणण्याचा सगळ्यात मोठा आधार होऊन बसतो.

उलट दिशेनंही मोजता येतं. यकृताचा वेग माणसागणिक तासाला १० ते २० असतो. अहवालातल्या १७ मध्ये १०० मिनिटांची उतरण परत मिळवली, तर अकरा चाळीसला रक्तात कमीत कमी ३४ आणि जास्तीत जास्त ५० असतील. दोन्ही ३० च्या वर. पण शेवटचा पेग साडेअकराचा असेल, तर हा हिशेब कोसळतो. तेव्हा दारू उतरत नव्हती, चढत होती.

[दृश्य: कुपीवरची चिठ्ठी जवळून. नाव, तारीख, सही. वेळेची जागा कोरी.]

या हिशेबाला तीन गोष्टी लागतात: शेवटचा घोट केव्हा, फुंकर केव्हा आणि सुई केव्हा. पहिली सांगणारा माणूस क्वचितच खरं सांगतो. दुसरी यंत्र स्वतः छापतं, त्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असेल तर. तिसरी कोणीतरी हातानं लिहावी लागते. या चिठ्ठीवर ती राहिली आहे, आणि त्या जागेवाचून १७ हा आकडा रात्री बाराचा आहे की दोनचा, हे कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता येणार नाही.