इटेनचं डोंगरपठार आणि धावण्याचा व्यवसाय

मंडळी, केनियाच्या पश्चिमेला केरिओ दरीच्या कड्यावर इटेन नावाचं छोटं गाव आहे. उंची समुद्रसपाटीपासून साधारण 2400 मीटर. आजूबाजूला मक्याची शेती, गाईगुरं आणि लाल मातीचे रस्ते. या पट्ट्यात राहणारा कलेनजिन समाज केनियाच्या लोकसंख्येत जेमतेम सातवा-आठवा हिस्सा, पण देशाचे लांब पल्ल्याचे बहुतेक नामवंत धावपटू याच समाजातले. इथिओपियाच्या आर्सी भागात बेकोजी नावाचं गाव आहे, तिथूनही देरार्तु तुलू, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा असे एकामागून एक ऑलिंपिक विजेते निघाले. हे असं का, याचं पहिलं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं: उंचीमुळे. ते कितपत खरं आहे, इथून सुरुवात करू.

2400 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासातून रक्तात कमी ऑक्सिजन पोचतो. मूत्रपिंडं हे ओळखतात आणि एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढवतात, मग अस्थिमज्जेत लाल पेशी जास्त बनू लागतात. संप्रेरक काही तासांत वाढतं, पण हिमोग्लोबिनमध्ये खरी भर पडायला तीन-चार आठवडे लागतात, आणि शरीरात लोह कमी असेल तर ती पडतच नाही. खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. म्हणून जगभरचे धावपटू मोठ्या शर्यतीआधी महिनाभर डोंगरावर जाऊन राहतात.

इथपर्यंत सगळं नीट जुळतं. पण मग नेपाळ, तिबेट, बोलिव्हिया यांचं काय? ला पाझ इटेनपेक्षा कितीतरी उंच, तरी बोलिव्हियाच्या नावावर ऑलिंपिकचं एकही पदक नाही. एक कारण असं की फार उंचावर माणूस वेगाने सरावच करू शकत नाही. पाय तयार असतात, श्वास पुरत नाही, आणि वेगाची सवय लागत नाही. इटेनची उंची त्या मानाने मधली आहे. शिवाय विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर ना कडाक्याची थंडी, ना बर्फ, त्यामुळे बारा महिने बाहेर धावता येतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. केनियाच्या अव्वल धावपटूंचं रक्त जर्मनीत तपासलं गेलं, तेव्हा त्यांच्या शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन जर्मन धावपटूंइतकंच निघालं. स्वीडनचे बेंग्ट साल्टिन यांनी 1990च्या दशकात केनियन आणि स्कँडिनेव्हियन धावपटूंची तुलना केली. ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेत मोठा फरक नव्हता. फरक होता तो एकाच वेगाने धावताना किती ऑक्सिजन खर्च होतो यात. केनियन धावपटूंच्या पोटऱ्या बारीक आणि हलक्या, त्यामुळे दर पावलाला पाय पुढे फेकायला कमी कष्ट. म्हणजे त्यांच्याकडे जास्त इंधन आहे असं नाही, आहे ते इंधन ते काटकसरीने वापरतात. हा बांधा काही अंशी आनुवंशिक असणार. पण यानिस पित्सिलादिस यांच्यासारख्या संशोधकांनी वर्षानुवर्षं शोधूनही ‘धावण्याचं जनुक’ म्हणावं असं काही हाती लागलेलं नाही. लहानपणापासून शाळेला पळत जाणं, दिवसभर पायांवर असणं, यानेही ही काटकसर वाढते. केनियाच्या आंतरराष्ट्रीय धावपटूंमध्ये शाळेला पळत जाणाऱ्यांचं प्रमाण इतर केनियन लोकांपेक्षा बरंच जास्त आढळलं आहे.

आता इटेनची एक सकाळ बघा. गुरुवारी फार्टलेकचा सराव असतो. कच्च्या रस्त्यावर मोठा जमाव उभा राहतो. त्यात जागतिक विजेते असतात आणि काल गावातून आलेली, फाटके बूट घातलेली पोरंही असतात. एक मिनिट वेगात, एक मिनिट हळू, असं वीस-पंचवीस वेळा. नवखा मुलगा पहिल्या पाच फेऱ्या पुढच्यांसोबत टिकतो, मग मागे पडतो. पुढच्या महिन्यात दहा फेऱ्या टिकतो. त्याला कुणी वेगाचा तक्ता देत नाही. जगातला सर्वोत्तम वेग किती, हे त्याला समोरच्या पाठीवरून कळतं. आणि तो वेग धरणारा माणूस शेजारच्या गावचा, आपल्याच भाषेत बोलणारा असतो. हलक्या सरावाच्या दिवशी मात्र हेच विजेते इतके सावकाश धावतात की आपल्याकडचा हौशी धावकही त्यांच्याबरोबर काही अंतर जाऊ शकेल. उरलेला वेळ उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, चहा आणि झोप.

पण एवढी तरुण मुलं नोकरी-शिक्षण सोडून सरावाला का बसतात? इथे पैशाचा भाग येतो. केनियात माणशी वार्षिक उत्पन्न दोन हजार डॉलरच्या आसपास. बोस्टन मॅरेथॉनच्या विजेत्याला दीड लाख डॉलर मिळतात. पण मुलांचं लक्ष बोस्टनकडे नसतं. युरोपातल्या एखाद्या मध्यम शर्यतीत पाचवा आला, किंवा पेसमेकरचं, म्हणजे पुढे धावून इतरांना वेग ठरवून देण्याचं काम मिळालं, तरी जमीन किंवा दुभती गाय घेता येते. इटेनजवळच्या एल्डोरेट शहरातल्या कितीतरी इमारती धावपटूंच्या बक्षिसांवर उभ्या आहेत. बक्षिसांचा पैसा येण्याआधी पोलीस आणि सैन्यातली नोकरी, अमेरिकन विद्यापीठाची शिष्यवृत्ती, हेच मार्ग होते. आपला अविनाश साबळे बीड जिल्ह्यातला. तो सैन्यात गेला आणि तिथेच धावपटू झाला. 2022मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं रौप्य जिंकून त्याने राष्ट्रकुलमधली केनियाची तिन्ही पदकांची मक्तेदारी मोडली. धावण्यातून पोटापाण्याची वाट निघते, हे सूत्र तिथेही तेच आहे.

मात्र ‘गरिबीमुळे धावतात’ हे म्हणणं मला पटत नाही. केनियातच तुर्काना भाग इटेनपेक्षा खूप गरीब आहे आणि तिथून असे धावपटूंचे ताफे निघत नाहीत. मुलाला नुसती गरज असून भागत नाही. शर्यतीत नेणारा मॅनेजर, शिकवणारा प्रशिक्षक, आणि त्याच वाटेने जाऊन घर बांधलेला शेजारी त्याला दिसावा लागतो. इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत 1976मध्ये आयर्लंडहून कॉल्म ओ’कॉनेल शिकवायला आले आणि तिथेच राहिले. 800 मीटरचा ऑलिंपिक विजेता डेव्हिड रुडिशा हा त्यांचाच शिष्य. याच पैशाची वाईट बाजूही आहे. उत्तेजकांमुळे बंदी आलेल्या केनियन धावपटूंची यादी लांब आहे, आणि त्यातले पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले. एका शर्यतीवर घरचं सगळं अवलंबून असेल तर मोह किती मोठा, याचा विचार करा.

कोणतं कारण किती वजनाचं, हे तपासायला निसर्गाने एक उदाहरण ठेवलं आहे. केनिया-युगांडाच्या सीमेवर एल्गॉन पर्वत आहे. त्याच्या युगांडाकडच्या उतारावर कापचोर्वा भागात सेबेई लोक राहतात. ते कलेनजिनांचेच भाऊबंद, आणि राहतात तेही डोंगरावरच. तरी कित्येक दशकं तिथून जगज्जेता आला नाही. मग स्टीफन किप्रोटिच सीमा ओलांडून एल्डोरेटकडे सरावाला गेला, आणि 2012मध्ये लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकला. 1972च्या अडथळा शर्यतीनंतर युगांडाचं ते पहिलंच सुवर्ण. त्याच्यामागून जोशुआ चेप्टेगेई आला. त्याने 2020मध्ये 5000 आणि 10,000 मीटरचे जागतिक विक्रम मोडले आणि पॅरिसला 10,000चं सुवर्ण घेतलं. जेकब किप्लिमो हाही त्याच डोंगराचा. या काळात एल्गॉनची उंची बदलली नाही आणि लोकांचं रक्तही बदललं नाही. बदललं ते एवढंच की पलीकडच्या सरावाच्या गटात शिरायची आणि शर्यतीपर्यंत पोचायची वाट खुली झाली.