सहा महिने हप्ता नाही, म्हणजे नेमकं काय?

मंडळी, बँकेकडून कर्जाच्या पुनर्रचनेचा मेल आला की आपली नजर 'मोरेटोरियम ६ महिने' या ओळीवर थांबते. कस लागतो तो तिच्याखालच्या ओळीत: 'इंटरेस्ट टू बी कॅपिटलाइज्ड'. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लागतं.

होडीच्या इंजिनाच्या कर्जाचा हिशेब मांडू. बाकी ६ लाख, दर महिन्याला १ टक्का, उरलेले हप्ते ६०, प्रत्येकी १३,३४७ रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर बाकी ६,३६,९१२ रुपये होते. पुढे काय, ते मुदतीच्या कलमावर ठरतं. हप्ते ६०च ठेवले तर हप्ता १४,१६८ होतो आणि एकूण सुमारे ४९ हजार जास्त जातात. हप्ता तोच ठेवला तर ६५ पूर्ण हप्ते आणि वर एक छोटा, म्हणजे सुमारे ६९ हजार जास्त. हलका वाटणारा पर्याय महाग पडतो तो असा. त्या सहा महिन्यांत नुसतं व्याज, महिना ६,००० रुपये भरलंत, तर जादा खर्च ३६ हजारांवर थांबतो. मेलमध्ये हा पर्याय नसला तरी शाखेत लेखी मागावा.

आता पहिल्या हप्त्याची तारीख. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सवलत डिसेंबर ते मे अशी दिली, तर धंद्याचे महिने सवलतीत जातात आणि पहिला हप्ता जूनमध्ये येतो, होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना. संमती देण्यापूर्वीच सांगा की हप्ता सप्टेंबरनंतर सुरू करा. सही झाल्यावर तारीख बदलून घेणं फार अवघड जातं.

हप्ता किंवा मुदत वाढली की खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याचा जुना मॅन्डेट अपुरा पडू शकतो. त्यात कमाल रक्कम आणि शेवटची तारीख असते. ती ओलांडली तर खात्यात पैसे असूनही हप्ता परत जातो आणि दंड बसतो. नवा मॅन्डेट भरलाय का, हे विचारा. जामीनदाराची नवी सही मागितली असेल तर त्याला बदललेला हिशेब दाखवूनच सही घ्यावी. जबाबदारी त्याचीही लांबते. क्रेडिट रिपोर्टवर 'रिस्ट्रक्चर्ड' अशी नोंद येऊ शकते, तेव्हा लवकरच दुसरं कर्ज घ्यायचं असेल तर आधी विचार करा.

शेवटी हप्त्यांचं सुधारित वेळापत्रक मागवा आणि पहिल्या ओळीतली बाकी तपासा. आपल्या उदाहरणात ती ६,३६,९१२ हवी. जास्त दिसली तर फरक कशाचा, ते लेखी विचारा. प्रक्रिया शुल्क मुद्दलात घातलेलं असू शकतं. थकलेल्या हप्त्यांचा दंड मात्र मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही; रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात तसं स्पष्ट सांगितलं आहे.